आज रात्री गाळ्याची किल्ली कोणाकडे?

मागच्या ऑक्टोबरात, अंतर्गत परीक्षेच्या आदल्या दुपारी, गोव्याहून आत्याचा व्हॉट्सॅप आला. एक फोटो, आणि खाली बोलून पाठवलेला निरोप: "बाय, हे काय लिहिलंय गो? आमच्या मार्केटाचं आहे म्हणतात."

फोटो एका इंग्रजी पेपरातल्या मथळ्याचा होता. कुणीतरी पेपर टेबलावर पसरून मोबाइलने काढलेला आणि दहा जणांच्या हातून फिरत धूसर झालेला. वर कुठल्यातरी जाहिरातीची कड दिसत होती. मथळा जिथे संपतो तिथेच फोटोही संपत होता. बातमीची एकही ओळ त्यात नव्हती. मथळा मी इथे देवनागरीत देते:

एचसी रिफ्युझेस टू व्हेकेट स्टे ऑन इव्हिक्शन ऑफ 'इल्लीगल' ट्रेडर्स

आत्याचा मार्केटात छोटा गाळा आहे. फुलं, हार, मेणबत्त्या. तिचं शिक्षण मराठी शाळेत झालं, इंग्रजी ती अक्षरं लावून वाचते. घरात इंग्रजी साहित्य शिकणारी एकटी मी, म्हणून इंग्रजीतला कुठलाही कागद, मग ते विजेचं बिल असो की विम्याचं पत्र, माझ्याकडे येतो. मी कँटीनमध्ये उभी होते. नजर मथळ्यावरून गेली आणि तीन शब्दांवर अडकली: रिफ्युझ, व्हेकेट, इव्हिक्शन. तिन्ही वाईट. मी टाइप केलं, "हायकोर्टाने बेकायदा व्यापाऱ्यांना जागा खाली करायला सांगितलेलं दिसतंय. नीट चौकशी कर."

"नीट चौकशी कर" हे माझं वाक्य तिने वाचलंच नसावं. तिने वाचलं ते पहिलं वाक्य. तिसऱ्या दिवशी तिने फुलं ठेवायचा फ्रीज विकून टाकला. अकरा हजारांना घेतलेला फ्रीज साडेचार हजारांना गेला, कारण घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही. आणि हे दोन नोव्हेंबरच्या आधी, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या तोंडावर. कबरींवर वाहायची फुलं जेव्हा वर्षात सगळ्यात जास्त खपतात, नेमक्या त्याच आठवड्यात.

मथळ्याचा खरा अर्थ माझ्या उत्तराच्या बरोब्बर उलट होता.

ही चूक मी इथे सांगते आहे ती माफी मागण्यासाठी नाही. ती आत्याकडे मागून झाली. मला एक मत मांडायचं आहे. आपण मंडळात आणि वर्गातही अनुवादाचा सराव म्हणून मथळे देतो. "छोटं आहे, पाच मिनिटांत होईल" असं म्हणून देतो. माझं म्हणणं असं की मथळा हा अनुवादासाठी सगळ्यात अवघड मजकुरांपैकी एक आहे आणि बातमी हातात नसताना त्याचा अनुवाद करूच नये. का, ते या एकाच मथळ्यावरून दाखवते.

मथळा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचून पाहा. मी तेव्हा करायला हवं होतं ते हेच.

शेवटी आहे इव्हिक्शन, म्हणजे व्यापाऱ्यांना तिथून हटवणं. एवढंच असतं तर गाळे गेले. त्याच्या आधी आहे स्टे ऑन, म्हणजे हटवण्याला स्थगिती. गाळे राहिले. त्याच्या आधी व्हेकेट. इथे माझा घात झाला. 'रूम व्हेकेट करा' हे आपण रोज ऐकतो, त्यामुळे शेजारी इव्हिक्शन दिसल्यावर व्हेकेट म्हणजे जागा खाली करणं हे मी गृहीतच धरलं. पण कोर्टाच्या भाषेत व्हेकेट हे क्रियापद आदेशालाही लागतं. स्टे व्हेकेट करणं म्हणजे स्थगिती उठवणं. स्थगिती उठली तर पुन्हा गाळे गेले. आणि सगळ्यात आधी रिफ्युझेस, म्हणजे ती उठवायला कोर्टाने नकार दिला. गाळे राहिले.

एकाच ओळीत चार वळणं आहेत: हटवणं, ते थांबवणं, ते थांबवणं रद्द करणं, आणि रद्द करायला नकार. प्रत्येक वळणावर बातमी उलटी होते. चारातलं एक जरी निसटलं तरी उत्तर चुकतं. मी तर व्हेकेट आणि इव्हिक्शन यांची जोडी लावून मधला स्टे गिळूनच टाकला.

अशा मथळ्यांसाठी मी आता एक साधा प्रश्न विचारते. व्याकरणाचा नाही, व्यवहाराचा. आज रात्री गाळ्याची किल्ली कोणाकडे? प्रत्येक वळणानंतर या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहायचं. पालिकेकडे, आत्याकडे, पालिकेकडे, आत्याकडे. शेवटचं उत्तर खरं. जामिनाच्या बातमीत हाच प्रश्न "आज रात्री माणूस घरी झोपणार की कोठडीत?" असा होतो. परीक्षा पुढे ढकलण्याच्या बातमीत "सोमवारी सकाळी वर्गात बसायचं की नाही?" असा. मथळ्यातली नामं आणि नकार मोजत बसण्यापेक्षा ही पद्धत भरवशाची आहे, कारण तिच्यात शब्दांऐवजी माणसाची जागा दिसते.

असा गुंता इंग्रजी मथळ्यात इतका का होतो? कारण तिथे जागा मोजून मिळते. स्तंभाची रुंदी ठरलेली, ठसा मोठा, म्हणून आखूड शब्दांना मान. हायकोर्टचं एचसी होतं. परवानगीचं नॉड, वादाचं रो, अटकेचं हेल्ड. आर्टिकलं गळतात, 'इज' आणि 'वॉज' गळतात. काल झालेली गोष्ट वर्तमानकाळात येते: रिफ्युझेस म्हणजे "नाकारते" नव्हे, "काल नाकारलं". उद्या होणारी गोष्ट नुसत्या टू वर भागते: "सिव्हिक बॉडी टू अपील" म्हणजे पालिका अपील करणार आहे. रोज तोच पेपर वाचणाऱ्याला हे सवयीने कळतं. शिवाय त्याच्यासमोर खाली बातमी असतेच. मथळा हा बातमीच्या डोक्यावरची टोपी आहे. आत्याला मिळाली ती नुसती टोपी.

इंग्रजीला हे परवडतं, कारण त्या भाषेत नुसती नामं ओळीने उभी करून नातं सूचित करता येतं. ते नातं कधी कधी चुकीचंही जुळतं. २००९ साली जपान टुडेमध्ये एक मथळा आला होता: "व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स". पहिल्यांदा वाचताना वाटतं, क्रॅश ब्लॉसम्स नावाची कुठलीतरी फुलं असावीत आणि एका व्हायोलिनवादकाचा त्यांच्याशी संबंध असावा. प्रत्यक्षात ब्लॉसम्स हे तिथे क्रियापद आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचं विमान डोंगरावर कोसळून ५२० माणसं गेली. त्यात आपल्या जन्माआधीच वडील गमावलेली एक मुलगी पुढे व्हायोलिनवादक झाली आणि तिची कला बहरते आहे, अशी ती बातमी होती. तेव्हापासून इंग्रजी मथळे तपासणारी मंडळी अशा फसव्या मथळ्यांना 'क्रॅश ब्लॉसम' म्हणू लागली.

हा मथळा मराठीत आणायला बसा. गंमत म्हणून खरंच बसा. लगेच लक्षात येतं की मराठी तुम्हाला गप्प राहू देत नाही. वादक म्हणायचं की वादिका? बहरतो की बहरते? लिंक्ड टू म्हणजे संबंधित, पण कशी संबंधित? "विमान अपघाताशी संबंधित व्हायोलिनवादिका" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की अपघातात तिचाच काही हात होता. इंग्रजीने जे झाकलं ते मराठीत उघड करावंच लागतं. आणि उघड करायचं तर ते माहीत असावं लागतं. माहिती मथळ्यात नाही, बातमीत आहे.

कारण आपल्याकडे नात्याचं चिन्ह शब्दालाच चिकटलेलं असतं. ने, ला, ची, वर. क्रियापद गाळता येतं, आपले मथळेही ते गाळतात: "मागणी", "इशारा", "नकार" यांवर ओळ संपते. पण "पोलिसाला मारहाण" आणि "पोलिसाची मारहाण" यांतला प्रत्यय गाळून मथळा लिहिता येत नाही. कोणी कोणाला मारलं हे सांगावंच लागतं. म्हणून इंग्रजी मथळा मराठीत आणताना अनुवादक पावलोपावली निर्णय घेत असतो. बातमी न वाचता घेतलेला प्रत्येक निर्णय हा अंदाज असतो, आणि छापल्यावर किंवा सेंड केल्यावर तो अंदाज आहे हे कोणाला दिसत नाही.

आता आत्याच्या मथळ्यातल्या दोन गोष्टींकडे परत येते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं.

पहिली म्हणजे इल्लीगल भोवतीची एकेरी अवतरणचिन्हं. माझ्या उत्तरात मी सरळ "बेकायदा व्यापाऱ्यांना" असं लिहून मोकळी झाले. पण मथळ्यात ती चिन्हं शोभेला नसतात. "हे आमचं म्हणणं नाही, कोणीतरी असं म्हणतंय" एवढं सगळं वाक्य त्या दोन टिंबांएवढ्या खुणांत कोंबलेलं असतं. इथे बेकायदा म्हणत होती पालिका. गाळेधारकांचं म्हणणं वेगळं होतं, आणि कोर्टाने त्यावर काहीच ठरवलेलं नव्हतं. चिन्हं पुसून मी स्वतःच्या आत्याला एका ओळीत बेकायदा ठरवलं.

मराठीत ही अवतरणचिन्हं जशीच्या तशी ठेवली तर काम होतं का? मला वाटतं, पुरतं होत नाही. आपल्याकडे अवतरणात घातलेला शब्द बऱ्याचदा टोमणा म्हणून वाचला जातो. 'हुशार' मुलगा म्हटलं की तो हुशार नाही असंच कळतं. तसं 'बेकायदा' गाळेधारक म्हटलं की वार्ताहर पालिकेची टिंगल करतोय असं वाटू शकतं. म्हणजे अर्थ उलट्या बाजूला झुकतो. त्यापेक्षा मराठीकडे स्वतःचे रस्ते आहेत. "पालिकेच्या मते बेकायदा", "बेकायदा असल्याचा आरोप असलेले", किंवा बोलताना नुसतं "म्हणे". आत्याला मी म्हणायला हवं होतं, "तुमचे गाळे बेकायदा आहेत म्हणे पालिका." त्यात कोण बोलतंय हे लगेच कळलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रेडर्स. मी व्यापारी म्हटलं. इंग्रजी मथळ्यात ट्रेडर हा शब्द येतो तो आखूड म्हणून. तो कोणालाही बसतो: होलसेलवाल्याला, गाळेधारकाला, फुटपाथवर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईलाही. पण कायद्यापुढे हे सगळे सारखे नाहीत. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी २०१४ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. पालिकेच्या इमारतीत भाडं भरून बसणाऱ्या गाळेधारकाचा प्रश्न वेगळ्या कागदांवर चालतो. मथळ्यावरून यांतलं कोण, हे कळायला मार्ग नाही. एचसी म्हणजे तरी कुठलं? बेळगावात हा फोटो आला तर आपल्या डोळ्यांपुढे धारवाडचं खंडपीठ येईल, पणजीत आला तर मुंबई उच्च न्यायालयाचं गोव्यातलं खंडपीठ. फॉरवर्ड होणाऱ्या फोटोवर ना तारीख असते ना गावाचं नाव.

मला खरं कळलं ते पाचव्या दिवशी. परीक्षा संपल्यावर मी आत्याला फोन केला. ती रडत नव्हती, हिशेब सांगत होती. फ्रीजचे इतके आले, हारांची सुई-दोऱ्याची पेटी घरी आणली, मेणबत्त्यांचा नवा माल घेऊ नको म्हणून सांगितलं. मग बोलता बोलता म्हणाली, "आम्हाला वकिलाने स्टे आणून दिला होता. तो गेला म्हणायचा."

मी थांबले. "कसला स्टे?"

"अगो, आमचाच. पावसात नोटिसा आल्या, तेव्हा सगळ्यांनी पैसे काढून वकील केला. त्याने स्टे आणला."

म्हणजे मथळ्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आत्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता! कोर्टकचेरी पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला तो माहीत असतो. मी तो फोटो तिला मोठ्याने नुसता वाचून दाखवला असता, तर स्टे ऐकल्याबरोबर तिने विचारलं असतं, "आमच्या स्टेचं काय केलं?" आणि त्या एका प्रश्नाने मला व्हेकेटचा अर्थ उलगडला असता. अनुवादक मी होते, पण संदर्भ तिच्याकडे होता. मी तिला एकही प्रश्न न विचारता उत्तर दिलं.

मग तिच्या शेजारच्या गाळ्यातल्या मुलाने तो पेपर शोधून पूर्ण बातमीचा फोटो पाठवला. पहिल्या दोन परिच्छेदांत सगळं स्वच्छ होतं. पालिकेने नव्या इमारतीसाठी जागा खाली करण्याच्या नोटिसा दिल्या. गाळेधारक कोर्टात गेले. कोर्टाने अंतरिम स्थगिती दिली. पालिकेने ती उठवावी म्हणून अर्ज केला, आणि तो अर्ज कोर्टाने नाकारला. मूळ याचिका चालूच होती. यात विशेष काही नाही, असे अर्ज नेहमीचे आहेत. समोरच्याचं पुरतं ऐकून न घेता अंतरिम आदेश दिला गेला असेल, तर तो उठवा असं सांगायची सोय राज्यघटनेच्या २२६ व्या कलमातच आहे. म्हणूनच स्टे आणि व्हेकेट हे दोन शब्द पेपरात इतक्यांदा हातात हात घालून येतात.

आता या मथळ्याचा मराठी अनुवाद काय? माझ्या मते याला एक उत्तर नाही. कोणासाठी, यावर ते अवलंबून आहे.

आत्यासाठी असा: "तुम्हाला हटवू नये हा कोर्टाचा आधीचा हुकूम अजून चालू आहे. पालिकेने तो उठवायला सांगितला होता, कोर्टाने ऐकलं नाही. पण केस संपलेली नाही. फ्रीज विकू नको." शेवटचं वाक्य मथळ्यात नाही, पण अनुवादाचा खरा उपयोग तिथेच होता.

पेपरासाठी वेगळा. शब्दाला शब्द लावून "'बेकायदा' व्यापाऱ्यांच्या निष्कासनावरील स्थगिती उठविण्यास उच्च न्यायालयाचा नकार" असं होईल. चुकीचं नाही. पण चारही वळणं तशीच राहिली, वर निष्कासनासारखा शब्द आला. वाचणारा माझ्यासारखाच निष्कासन आणि नकार पाहून घाबरेल. मी असं लिहीन: "गाळेधारकांना हटवण्यावरील स्थगिती तूर्त कायम". आणि खाली बारीक ठशात: "ती उठवण्याची पालिकेची मागणी हायकोर्टाने फेटाळली". चारांपैकी दोन वळणं मुख्य ओळीतून खाली गेली. किल्ली कोणाकडे, हे पहिल्याच ओळीत कळतं.

यातला 'तूर्त' गाळू नका. आधी मी नुसतं "स्थगिती कायम" लिहिलं होतं. ते आईने वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे आता कायमची मिळाली?" कायम म्हणजे जशी होती तशी, आणि कायम म्हणजे नेहमीसाठी. हे दोन्ही अर्थ आपल्याच भाषेत शेजारी बसलेत. इंग्रजी मथळ्यांची उणीदुणी काढताना आपले मथळे फार साधे आहेत असं समजायचं कारण नाही. "गाळेधारकांना दिलासा" हा आपल्याकडचा लाडका मथळा घ्या. किती दिवसांचा दिलासा, कशापासून, हे त्यात काहीच नाही. दोन शब्दांत केस जिंकल्यासारखं वाटतं आणि पुढच्या तारखेला माणूस बेसावध सापडतो.

मंडळातल्या एका मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने चांगला आक्षेप घेतला. ती म्हणाली, "तू जे करतेस तो अनुवाद नव्हे, ते स्पष्टीकरण. मथळ्याचा अनुवाद मथळाच असायला हवा. मूळ संदिग्ध असेल तर अनुवादही संदिग्ध राहू दे. कवितेत आपण तसंच करतो ना?"

कवितेत करतो, कारण कवितेतली संदिग्धता कवीला हवी असते. इथली संदिग्धता कोणालाच नको होती. ती जागेअभावी झालेली आहे. उपसंपादकाला विचारलं असतं तर त्याने एका श्वासात पूर्ण वाक्य सांगितलं असतं. जे लिहिणाऱ्याच्या मनात स्वच्छ होतं आणि फक्त स्तंभात मावलं नाही, ते धूसरच ठेवणं ही मुळाशी निष्ठा कशी? आणि मथळा मथळ्यातच यावा हे मलाही मान्य आहे. वर दिलेला माझा मथळा मूळ मथळ्याहून लांब नाही. फक्त तिथे पोचायचा रस्ता सरळ नव्हता. आधी बातमी वाचली, मग आवळलेली ओळ सोडून तिचं पूर्ण वाक्य केलं, आणि मग मराठीच्या पद्धतीने ते पुन्हा आवळलं. मराठी दैनिकात एजन्सीची इंग्रजी बातमी येते तेव्हा उपसंपादकही हेच करतो. तो बातमी वाचतो आणि स्वतःचा मथळा देतो. एकटा मथळा घेऊन कोणी त्याचं मराठी करत बसत नाही. ते फक्त आपल्या सरावात आणि फॅमिली ग्रुपवर होतं.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. येत्या अनुवाद स्पर्धेत मथळ्यांची कात्रणं द्यायचीच असतील तर बातमीचे पहिले दोन परिच्छेद, तारीख आणि गावाचं नाव यांसकट द्या. किंवा, माझ्या मते याहून चांगलं, नुसता मथळा द्या आणि अनुवाद मागूच नका. हा मथळा मराठीत आणण्यापूर्वी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल, ते लिहायला सांगा. कोण, कोणाला, कधी, कोणाच्या म्हणण्यानुसार, आणि किल्ली कोणाकडे. ज्याचे प्रश्न नेमके त्याला बक्षीस.

आत्याला फ्रीज परत मिळाला नाही. घेणाऱ्याने त्यात आइस्क्रीम भरलं होतं. दोन नोव्हेंबरच्या आठवड्यात ती रोज पहाटे चारला उठून थोडी थोडी फुलं आणत राहिली. दुपारी उरलेली झेंडू-शेवंती ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. माझ्यावर ती रागावली नाही, पण एक बदल झाला. मागच्या महिन्यात पुन्हा तिचा फोटो आला. पेपराचं अख्खं पान होतं, वरच्या तारखेपासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत, कोपरा दुमडू नये म्हणून त्यावर मेणबत्त्यांचा खोका ठेवलेला. खाली निरोप: "बाय, सगळं काढलंय गो. आधी पूर्ण वाच, मग सांग."